गल्ला कमी आला की आधी वही बघा

पोस्ट लांब आहे. त्र्यंबकमधल्या दुकानदार मंडळींनी आणि त्यांच्याकडे कामाला असणाऱ्या पोरांनी सवडीने वाचावी. बाकीच्यांनी वाचली तरी हरकत नाही, गल्ला सगळ्यांकडे थोडाफार असतोच.

मी गावातल्या काही छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो. पूजा साहित्य, प्रसाद, रुद्राक्ष-माळा, एक-दोन चहा-नाष्ट्याची हॉटेलं. श्रावणातले सोमवार आणि पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा या दिवसांत मला रात्री अकरा-बाराला ठरलेला फोन येतो. "भाऊ, गल्ला कमी येतोय. पोराने हात मारलाय." पुढे काय होतं ते सांगायला नको. पोराला सगळ्यांसमोर दोन शब्द ऐकवले जातात आणि रक्कम मजुरीतून कापली जाते. पोरगा हरसूलकडच्या एखाद्या पाड्यावरून आलेला, रोजावर. तो भांडत नाही. दुसऱ्या दिवशी येतो किंवा येतच नाही. २०२७ चा कुंभ तोंडावर आलाय, तेव्हा तर प्रत्येक दुकानात दोन-चार हंगामी पोरं असतील आणि गल्ल्याला दिवसभरात पाच जणांचे हात लागतील. म्हणून हे आत्ताच लिहितोय.

रोजकीर्द म्हणजे काही अवघड शास्त्र नाही. सकाळी गल्ल्यात होती ती शिल्लक, त्यात दिवसभर आलेली रोख जमा मिळवायची, दिलेला रोख खर्च वजा करायचा. जो आकडा येईल तेवढेच पैसे रात्री मोजून भरले पाहिजेत. आपल्याकडे ही पद्धत फार जुनी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. जुन्या दुकानांत रात्रीच्या आकड्याला अजूनही 'श्री शिल्लक' म्हणतात, आणि रात्रीची श्री शिल्लक तीच उद्याची आरंभीची शिल्लक. वाणी-उदमी लोक हा आकडा जुळल्याशिवाय दिवा मालवत नसत असं आमचे आजोबा सांगायचे. त्यात थोडी फुशारकी असेल, पण पद्धत खरी होती.

आता गंमत बघा. गावातल्या कितीतरी दुकानांची रोजकीर्द रोजच्या रोज जुळते, एक रुपया इकडे-तिकडे होत नाही. आणि मला नेमकी त्याच दुकानांची काळजी वाटते. कारण तिथे विक्रीचा आकडा लिहिलेलाच नसतो, तो काढलेला असतो. रात्री गल्ला मोजायचा, त्यात दिवसाचा खर्च मिळवायचा, सकाळची शिल्लक वजा करायची आणि जे उरेल ती 'आजची विक्री' म्हणून वहीत टाकायची. असं केल्यावर वही जुळणारच, न जुळून जाईल कुठे? गल्ल्यातून दोन हजार गेले तर विक्री दोन हजारांनी कमी दिसेल एवढंच. दुकानदार म्हणेल, आज गिऱ्हाईक कमी होतं. ती तपासणी नव्हे, बेरीज-वजाबाकीचा व्यायाम झाला. विक्रीचा आकडा गल्ल्याकडे न बघता आला पाहिजे. बिलबुकातून येऊ दे, साध्या शंभर पानी वहीतल्या ओळींतून येऊ दे, पण वेगळा आला पाहिजे.

नोटबंदीच्या वेळी याचा चटका अनेकांना बसला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, बँकेत भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. पुढच्या वर्षीच्या आयकर विवरणात त्या काळात भरलेली रोकड, एकूण दोन लाख किंवा जास्त असेल तर, वेगळी दाखवायची होती. चौकशी झाली की पहिला प्रश्न एकच, त्या दिवशीची श्री शिल्लक किती होती आणि ती कशावरून? ज्यांनी विक्री वेगळी लिहिली होती त्यांनी वह्या पुढे केल्या. ज्यांचा उलटा हिशेब होता त्यांची वही जुळत होती, पण तिने काहीच सिद्ध होत नव्हतं.

आता एक अख्खा दिवस सांगतो. दुकान कुठलं ते विचारू नका, कुशावर्ताच्या बाजूचं आहे एवढं पुरे. मालकांना आपण अण्णा म्हणू. दिवस श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारचा. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायला नको, रविवारच्या रात्रीपासून ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांची रीघ लागते आणि दुकानं रात्रभर उघडी असतात. अण्णांनी एक शहाणपणा केला होता. सोमवारी पहाटे पाचला रात्रीच्या पाळीचा गल्ला मोजून बाजूला काढला आणि ५,२०० रुपये सुट्ट्यासाठी ठेवून नवं पान सुरू केलं. विक्री लिहायला वही होती, रोख वेगळ्या रकान्यात, ऑनलाइन वेगळ्या. म्हणजे इथे तपासण्यासारखं काही होतं.

रात्री अकराला फोन आला. २,४७० रुपये कमी. पोरगा कोपऱ्यात उभा. अण्णा म्हणाले, "भाऊ, चारशे रुपये रोज देतो याला. सहा दिवसांची मजुरी ठेवून घेतो, विषय संपला."

पहिलं काम, गल्ला पुन्हा मोजला. वही मिटून. हे महत्त्वाचं आहे, कारण किती यायला हवेत हे डोळ्यांसमोर असलं की हात आपोआप त्या आकड्याकडे मोजतो, आणि कमी येणार असं मनात धरलं की कमीच मोजतो. अण्णांनी ९,०४० मोजले होते. मी नोटांचे गठ्ठे वेगळे केले. पाचशेच्या १२, दोनशेच्या ६, शंभरच्या १३, पन्नासच्या ७, वीसच्या ८, दहाच्या ९ आणि ४० रुपयांची नाणी. बेरीज ९,१४०. शंभरच्या दोन नोटा ओल्या होऊन चिकटल्या होत्या. आपल्याकडे श्रावणात कोरडी नोट मिळणंच मुश्कील, पावसातून आलेलं गिऱ्हाईक खिशातून लगदाच काढतं. नोटांची संख्या प्रकारवार कागदावर लिहिली की हे लगेच कळतं, नुसतं मोजत गेलं की कळत नाही.

मग वही उघडली. जमेला रोख विक्री ३१,६४० आणि एका लॉजवाल्याकडून आलेली जुनी उधारी १,५००. आरंभीचे ५,२०० धरून ३८,३४०. खर्चाला फुलं-बेल २,६००, पेढेवाला ८,४००, टेम्पो-हमाली ४५०, चहा-नाष्टा ३८०, आणि दुपारी बँकेत भरलेले १५,०००. खर्चाची बेरीज २६,८३०. म्हणजे गल्ल्यात ११,५१० असायला हवेत आणि आहेत ९,१४०. तूट २,३७०.

तूट आली की आधी तिची दिशा बघायची. पैसे वहीपेक्षा कमी आहेत याचे कागदावरचे अर्थ दोनच. एक तर जमेत काहीतरी जास्त लिहिलंय, जे रोख आलंच नाही. किंवा खर्चात काहीतरी कमी लिहिलंय, जे खरं तर दिलंय. हे दोन्ही धुंडाळून संपले की मगच माणसाकडे बघायचं. आपल्याकडे क्रम उलटा असतो.

जमेतली सर्वांत मोठी संशयाची जागा हल्ली एकच, क्यूआर कोड. मोबाईल ॲपमध्ये दिवसभराच्या पैशांची यादी असते, वेळेसकट. ती आणि वहीचा ऑनलाइन रकाना समोरासमोर ठेवला. इथे एक खाच आहे. ॲपचा दिवस रात्री बाराला सुरू होतो आणि अण्णांचं पान पहाटे पाचला. त्यामुळे बारा ते पाचच्या नोंदी आधी बाजूला काढाव्या लागल्या, त्या रात्रपाळीच्या पानावर होत्या. हे केलं नसतं तर यादी कधीच जुळली नसती आणि आम्ही भलतीकडेच शोधत बसलो असतो.

पाचनंतरच्या नोंदींवर एकेक टिक करत गेलो. सगळ्यांना जोडीदार मिळाला, एक उरली. ११ वाजून ४२ मिनिटं, १,२५०. वहीच्या ऑनलाइन रकान्यात १,२५० कुठेच नाही. मग रोख रकान्यात शोधलं तर त्याच सुमाराच्या ओळींमध्ये होती, तांब्याचा कलश आणि ताम्हन, १,२५०. पोराला विचारलं. तो जरा आठवून म्हणाला, "भाऊ, ती बाई रोख देणार म्हणाली म्हणून मी लिहून टाकलं. मग सुटे नव्हते, तिने स्कॅन केलं. नेटवर्क लागत नव्हतं, डबा उशिरा बोलला. तोवर पुढचं गिऱ्हाईक आलं." पैसे आले होते, बँकेत आले होते, गल्ल्यात नव्हे. २,३७० मधले १,२५० गेले, उरले १,१२०.

आता खर्चाची बाजू. इथे वहीवर विश्वास ठेवायचा नाही, चिठ्ठ्या काढायच्या. फुलवाल्याची चिठ्ठी २,६००, बरोबर. पेढ्यांचं बिल ८,४००, बरोबर. बँकेची पावती १५,०००, बरोबर. टेम्पोवाल्याच्या चिठ्ठीवर ५४० आणि वहीत ४५०. आकडे उलटे पडले होते, आणि ते अक्षर अण्णांचं स्वतःचं होतं. नव्वद रुपये जास्त दिलेले, वहीत कमी. उरले १,०३०.

इथे जुने मुनीम एक युक्ती सांगतात, ती खरी आहे. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले की येणारा फरक नेहमी नऊने भागला जातो. ५४० चे ४५० झाले, फरक ९०. ७३ चे ३७ झाले, फरक ३६. म्हणून फरकाला नऊने भाग गेला की आधी उलटे आकडे शोधा म्हणतात. तशीच दुसरी, खर्चाची रक्कम चुकून जमेला लिहिली तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो, म्हणून फरकाचा निम्मा आकडा वहीत शोधायचा. पण या युक्त्या फरकाचं कारण एकच असेल तेव्हाच चालतात. आमच्या २,३७० ला नऊने भाग जात नाही, तरी उलटे आकडे आत लपलेले होतेच, कारण तीन-चार कारणांची खिचडी झाली होती. गर्दीच्या दिवशी असंच असतं. अशा वेळी युक्ती सोडून चिठ्ठीला चिठ्ठी लावत बसणं हाच जवळचा रस्ता.

राहिले १,०३०. चिठ्ठ्या संपल्या. मी अण्णांना विचारलं, "आज गल्ल्यातून तुम्ही स्वतः काही घेतलंत?" अण्णा म्हणाले, "छे." मग घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन विचारलं. वहिनी? मुलगा? पेट्रोल? दक्षिणा? दक्षिणा म्हटल्यावर अण्णा थांबले. फेरीवाल्यांना खिचडी वाटणारी मंडळाची पोरं सकाळी वर्गणीला आली होती. अण्णांनी गल्ल्यातून हजार काढून दिले होते, पावती सदऱ्याच्या खिशात होती. ती आम्ही वहीला टाचली.

या गोष्टीवर मला जरा थांबायचंय, कारण माझ्या अनुभवात तुटीचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. मालक स्वतःच्या गल्ल्यातून पैसे घेतो तेव्हा त्याला तो खर्च वाटत नाही. आपलेच पैसे, आपल्याच खिशात. वर्गणी, भाजी, पोराची फी, पाहुण्यांचा चहा. रोजकीर्दीला मात्र मालक आणि नोकर असा भेद कळत नाही. नोट बाहेर गेली की ओळ लिहिली पाहिजे, मग तिला 'घरखर्च' म्हणा नाहीतर 'मालकाची उचल'. दिवसाला हजारदोन हजारांची उचल लिहायची राहून जाते आणि रात्री हिशेब मागायचा तो चारशे रुपये रोजाच्या पोराकडे, हे काही पटत नाही मला.

शेवटी उरले ३० रुपये. ते आम्हाला सापडले नाहीत आणि आम्ही शोधलेही नाहीत. पाच-दहाच्या सुट्ट्यात गर्दीच्या दिवशी एवढं इकडे-तिकडे होतं. पण ते जिरवायचे नाहीत. विक्री ३० ने कमी करून वही जुळवली की पुन्हा उलटा हिशेब सुरू झाला. सरळ खर्चाला ओळ लिहायची, 'रोकड तूट ३०'. कधी जास्त आले तर जमेला 'रोकड वाढ'. वाढ आली म्हणून खूश व्हायचं कारण नाही. कोणाला तरी सुटे कमी गेलेत किंवा एखादी विक्री लिहायची राहिली आहे. महिन्याच्या शेवटी या ओळी एकत्र बघितल्या की चित्र दिसतं. कधी दहा कमी, कधी वीस जास्त, हे नैसर्गिक. रोज कमीच, आणि ठराविक माणूस गल्ल्यावर असतानाच कमी, हे मात्र बघण्यासारखं.

दुरुस्त पान असं झालं. रोख विक्री ३०,३९०, उधारी १,५००, आरंभीचे ५,२००, मिळून ३७,०९०. खर्च २७,९२०. असायला हवेत ९,१७०, आहेत ९,१४०. एवढं सगळं पाऊण तासात झालं.

आता कोणी म्हणेल, भाऊ, तुम्ही पोराची वकिली करताय, चोऱ्या होतच नाहीत का? होतात. पण कशा होतात ते बघा. ज्या पोराला गल्ल्यातून घ्यायचेत तो वहीत विक्री लिहून मग पैसे उचलणार नाही, तो विक्री लिहिणारच नाही. पेढ्यांचा पुडा दिला, शंभर घेतले, ओळ नाही. रात्री वही आणि गल्ला अगदी जुळतील. म्हणजे तूट आली यावरून चोरी ठरत नाही, आणि तूट नाही यावरून सचोटी ठरत नाही. रोजकीर्दीच्या तपासणीला एवढं एकच कळतं, जे लिहिलं ते आणि जे मोजलं ते सारखं आहे का. न लिहिलेल्याला ती आंधळी आहे.

त्यासाठी माल मोजावा लागतो. सगळा नाही, तो रोज शक्यच नाही. ज्याची किंमत जास्त किंवा जो झपाट्याने खपतो असे दोन-तीन जिन्नस. त्या रात्री आम्ही तेही केलं, अण्णांच्या समाधानासाठी. आधीचे पेढ्यांचे पुडे १४, सकाळी आले १२०, रात्री उरले ३१. म्हणजे १०३ गेले. वहीतल्या रोख आणि ऑनलाइन ओळी मिळून १०२ निघाले. एक पुडा अण्णांनी देवाला दिला होता. तांब्याचे कलशही मोजले, तेही जुळले. मग अण्णा काही बोलले नाहीत, पोराला त्याचे चारशे दिले आणि वर चहा सांगितला. माफी वगैरे मागितली नाही, ती आपल्याकडे मागत नाहीत.

मजुरी कापण्याबद्दल कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो. १९३६ च्या वेतन कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे की, रकमेचा हिशेब देण्याची जबाबदारी त्या कामगारावर असेल आणि नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालं असेल, तरच कपात करता येते. तीही आधी त्याला आपली बाजू मांडायची संधी देऊन. आता ज्या गल्ल्यात मालक, वहिनी, मुलगा आणि दोन पोरं असे पाच जण हात घालतात, तिथे जबाबदारी एकट्या पोरावर होती हे तुम्ही कसं दाखवणार?

अण्णांनी त्यानंतर एक बदल केला, तो सांगतो. गल्ल्यावरचा माणूस बदलला की तिथेच मोजणी. उठणारा मोजतो, बसणारा मोजतो, आकडा वहीत लिहून दोघांच्या सह्या. दहा मिनिटं जातात. गर्दीत गिऱ्हाईक ओरडतं, हे खरंय. पण तूट आलीच तर ती अठरा तासांत शोधावी लागत नाही, चार तासांत शोधावी लागते, आणि त्या चार तासांत कोण बसलं होतं हे सहीवरून कळतं. पहिल्याच आठवड्यात त्यातून एक तूट निघाली, ३५० रुपयांची. वेळ दुपारी दोन ते सहा. सही अण्णांच्या मुलाची होती.